आठ महिने भाषांतराचं अ‍ॅप वापरलं: ‘ते आले नाहीत’ म्हणजे कोण आले नाहीत?

मोबाइलवरचं फुकटातलं भाषांतराचं अ‍ॅप मी गेल्या नोव्हेंबरपासून वापरतेय. अ‍ॅपचं नाव देत नाही. मैत्रिणीकडचं दुसरं अ‍ॅपही याच जागी ठेचकाळतं, हे मी तिच्या फोनवर बघितलंय. सोसायटीची पत्रं, मुलाच्या शाळेची ईमेल, माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, पेन्शनचा एक अर्ज असं बरंच काही त्यातून काढलं. पण त्याची खरी परीक्षा झाली ती अप्पांच्या वीजबिलाच्या तक्रारीत. म्हणून तेवढंच सविस्तर लिहिते.

अप्पा गावी एकटे राहतात, मी पुण्यात. जुलैअखेर त्यांच्या मीटरचं रीडिंग ५८१२ होतं. त्यानंतर ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन महिने रीडिंग घ्यायला कुणी फिरकलं नाही आणि दर महिन्याला ८५ युनिटचं सरासरी बिल येत राहिलं. अप्पांनी तिन्ही बिलं वेळेवर भरली. नोव्हेंबरमध्ये रीडिंग झालं, ६१७२. फरक ३६० युनिटचा. हे बरोबरच होतं, कारण चार महिन्यांचे ३६० म्हणजे महिन्याला ९०, आणि अप्पांचा वापर तेवढाच आहे.

चूक पुढे झाली. ३६० युनिट एकाच महिन्यात धरले गेले. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना सगळ्यात कमी दर, १०१ ते ३०० ना त्याहून बराच जास्त, आणि ३०० च्या वर गेलात की आणखी चढा. महिन्याला ९० युनिटवाला माणूस पहिला स्लॅब कधी ओलांडत नाही. इथे मात्र फक्त १०० युनिट पहिल्या स्लॅबात बसले, २०० दुसऱ्यात गेले आणि ६० तिसऱ्यात. वर तीन महिन्यांचे आधीच भरलेले २५५ युनिट वजाच केले नाहीत. म्हणजे खरं तर १०५ युनिटचे पैसे द्यायचे होते, तेही पहिल्याच दराने. एरवी साडेसातशे-आठशेत बसणारं बिल चार हजारांच्या वर गेलं.

वीज कंपनीच्या पोर्टलवर तक्रार मी आधी मराठीतच टाकली होती. पोचपावती उघडली तर मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी. आकडे आणि स्वल्पविराम तेवढे शाबूत. काही जुन्या फॉर्मांच्या मागची यंत्रणा देवनागरी साठवतच नाही, त्यातलाच हा प्रकार. तक्रार इंग्रजीतच द्यायची ठरली. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, लिहायला बसलं की घाम फुटतो. म्हणून अ‍ॅप.

मी मराठीत लिहिलं होतं ते असं: ‘माझे वडील घरीच असतात. तीन महिने रीडिंग घ्यायला आले नाहीत. सरासरी बिल लावले, ते भरले आहे. आता एकदम जास्त बिल आले आहे. तरी बिल दुरुस्त करून द्यावे ही विनंती.’ खाली बिलातले आकडे. आपण असंच लिहितो, कुणाला काही खटकणार नाही.

अ‍ॅपने सेकंदात इंग्रजी दिलं. दिसायला झकास. मी हुशारी म्हणून तेच इंग्रजी पुन्हा मराठीत फिरवून बघितलं, म्हणजे चूक असली तर कळेल. सगळं ठाकठीक परत आलं. मी निर्धास्त होऊन पाठवलं.

दोन आठवड्यांनी एक वायरमन अप्पांकडे आला. त्याने मीटर तपासला, लोड लावून फिरवून बघितला, ‘मीटर चांगलाय काका’ म्हणाला, चहा घेऊन गेला. त्याच आठवड्यात तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. शेरा होता की मीटरमध्ये दोष नाही, आणि ग्राहकाकडून वेळेत रीडिंग मिळालं नाही. अप्पा फोनवर तापलेच. ‘अगं, रीडिंग मी द्यायचं होतं का? मग तो पगारी माणूस कशाला ठेवलाय?’

तेव्हा मी पाठवलेलं इंग्रजी पहिल्यांदा नीट वाचलं. वडील घरी असतात या वाक्याच्या पाठोपाठ अ‍ॅपने लिहिलं होतं, ‘ही डिड नॉट कम टु टेक द रीडिंग’. हा ‘ही’ कोण? अप्पा! मराठीत मी कर्ता लिहिलाच नव्हता. आपल्याला तो सांगावा लागत नाही, रीडिंग घ्यायला कोण येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीला मात्र कर्ता लागतोच. अ‍ॅपने मागे वळून बघितलं, ‘आले’ हे आदरार्थी रूप ‘माझे वडील’ला चपखल बसलं, आणि रीडिंगला न येण्याचा दोष अप्पांच्या डोक्यावर गेला.

आता गंमत बघा. हेच इंग्रजी मराठीत फिरवलं की ‘ते रीडिंग घ्यायला आले नाहीत’ असं येतं. ‘ते’ म्हणजे कंपनीचे लोकही आणि अप्पाही. त्यामुळे उलट भाषांतरात चूक दिसतच नाही, मराठी तिला पोटात घेते.

‘दुरुस्त’चंही तसंच. ‘बिल दुरुस्त करा’ याचं अ‍ॅपने ‘रिपेअर’ केलं. बिल काही रिपेअर होत नाही, रिपेअर होतो तो मीटर. तिकडे ज्याने कुणी तक्रार वाचली, त्याने ती मीटरवाल्यांकडे ढकलली असणार, असा माझा अंदाज. म्हणून तो वायरमन. आणि ‘रिपेअर’ परत फिरवलं की ‘दुरुस्त’च येतं!

तिसरा शब्द ‘आकार’. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात, तिथे आकार म्हणजे आकारणी. अ‍ॅपने स्थिर आकाराचं ‘फिक्स्ड साइज’ केलं होतं. उलट फिरवल्यावर ‘निश्चित आकार’ आलं आणि मी मान डोलावून पुढे गेले. ‘मंजूर भार’चं वजन झालं नाही ते केवळ मी तो लिहिला नव्हता म्हणून. नंतर मुद्दाम टाकून बघितला, तर झालं वजनच.

आठ महिन्यांत मला कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ठळक घोटाळे उलट भाषांतरात लगेच सापडतात, ‘पावणेतीनशे’चे तीनशे झाले तर डोळ्यात भरतं. पण जे इंग्रजी शब्द ज्या मराठी शब्दातून चुकून निघाले त्याच शब्दाकडे परत येतात, ते सापडत नाहीत, आणि नेमके तेच तक्रार बुडवतात. त्यावर मला एकच उपाय सापडला. इंग्रजीतल्या प्रत्येक ‘ही’, ‘दे’ आणि ‘इट’वर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कोण? त्यासाठी फाडफाड इंग्रजी लागत नाही.

दुसऱ्या वेळी मी मराठीच बदललं. वाचायला ते रुक्ष झालं, पण प्रत्येक वाक्यात कर्ता आणि एका वाक्यात एकच गोष्ट: ‘वीज कंपनीचा मीटर रीडर ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत आमच्या घरी आला नाही. कंपनीने प्रत्येक महिन्याला ८५ युनिटचे सरासरी बिल दिले. आम्ही ही तिन्ही बिले भरली आहेत.’ ‘दुरुस्त करून द्यावे’च्या जागी लिहिलं, ‘कंपनीने ३६० युनिट चार महिन्यांत समान विभागावेत, प्रत्येक महिन्याला स्लॅब वेगळा लावावा आणि आधी बिल केलेले २५५ युनिट वजा करावेत.’ इथे अ‍ॅपला अडखळायला जागाच उरली नाही. आकार वगैरे शब्द मी अ‍ॅपच्या हाती दिलेच नाहीत, बिलाची इंग्रजी प्रत उघडून तिच्यावरचे शब्द जसेच्या तसे बसवले. तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहिला, कारण ५/११ ला कुणी ११ मे समजलं तर सगळा हिशोबच उलटतो. आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की मीटर चांगला आहे, आमची तक्रार मीटरची नाही, हिशोबाची आहे. जोडीला चारही बिलं आणि मीटरच्या डिस्प्लेचा फोटो.

दरम्यान बिलाची शेवटची तारीख जवळ येत होती आणि अप्पांना लाइन कापतील याची धास्ती. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय वादातलं बिल असेल तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. अप्पांनी तसा अर्ज देऊन सरासरीचे पैसे भरले आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. हा अर्ज मराठीत होता, खिडकीवर दिला, त्यात अ‍ॅपची काही गरज पडली नाही. पोर्टलवर दाद लागली नसती तर पुढे कलम ४२ खालचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच होता आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, पण तिथवर जावं लागलं नाही.

जानेवारीत सुधारित बिल आलं, ३६० युनिट चार महिन्यांत विभागून आणि २५५ वजा करून. अप्पांनी भरलेली रक्कम वळती झाली आणि फरकाचे थोडेसे पैसे भरायचे राहिले. या वेळी घरी कुणी आलं नाही, शेरा एका ओळीचा होता.

बाकी अ‍ॅपबद्दल थोडक्यात. इंग्रजीतून मराठीत ते चांगलंच चालतं. आलेल्या उत्तराचा फोटो काढला की मतलब कळतो, अप्पाही आता ते वापरतात. मराठीतून इंग्रजीत साधं पत्र असेल तर हरकत नाही. जिथे पैसे, दोष कुणाचा आणि तारीख या तीन गोष्टी असतील तिथे अर्धा तास बाजूला काढूनच बसा. दीड, अडीच, पावणे असले आकडे शब्दांत लिहू नका. आणि मराठीची वाक्यं लांबलचक मिळाली की अ‍ॅपने मधलं एखादं गाळलेलंही मी दोनदा पकडलंय, त्यामुळे वाक्यं मोजून घ्या. पाचातले तीन तारे.

अप्पांना मी ‘फिक्स्ड साइज’ची गोष्ट सांगितली, तेव्हापासून दर महिन्याला बिल आलं की फोन येतो: ‘अगं, या महिन्याचा साइज जरा वाढलाय बघ.’