क्लासमार्फत घेतलेलं फीचं कर्ज: वर्षभराच्या वापरानंतर

धाकट्या भावाला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करायचा होता. फी १,२०,०००. इन्स्टिट्यूटच्या काउन्सेलरने सांगितलं, "मॅडम, एकदम भरायची गरज नाही. १२,००० भरून सीट घ्या, बाकीचे सोपे हप्ते, नो कॉस्ट." भावाला पगार नसल्यामुळे अर्ज माझ्या नावाने झाला. कोर्स त्याचा, कर्ज माझं. असं कर्ज घेताना हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. विद्यार्थ्याला उत्पन्न नसेल तर आई, वडील किंवा भावंडं कर्जदार होतात, आणि पुढे काहीही झालं तर क्रेडिट रिपोर्ट त्यांचा बिघडतो.

चांगलं आधी सांगते. कर्ज मिळायला खरंच वेळ लागला नाही. पॅन, आधार, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, एक सेल्फी आणि दोन ओटीपी, की संध्याकाळपर्यंत मंजुरी. तारण नाही, जामीनदार नाही. महिन्याला ९,००० चा हप्ता, बारा महिने. ई-मँडेटमुळे दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे आपोआप कापले जायचे. कोर्स सुरळीत चालला असता तर मी याला पाचपैकी चार तारे दिले असते.

'नो कॉस्ट' म्हणजे काय ते मला सही करण्याआधी आलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये दिसलं. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ कर्जांसाठी हा कागद द्यावाच लागतो आणि त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. माझ्या कागदावर कर्जाची रक्कम १,०८,००० नव्हती, १,००,४४० होती. एवढीच रक्कम फायनान्स कंपनीने इन्स्टिट्यूटला दिली. वरचे ७,५६० हे व्याज. ते हप्त्यात धरलेलं होतं आणि इन्स्टिट्यूटने तेवढी फी कमी घेऊन सोसलं होतं. एपीआर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे व्याज होतंच, फक्त ते फीच्या आत दडलेलं होतं. रोख भरणाऱ्याला तेवढी सूट मिळाली असती का, हे काउन्सेलरला नक्की विचारा. भावाच्या बॅचमधल्या एकाने विचारलं आणि त्याला मिळाली.

आता मुख्य गोष्ट. कर्जाचे पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत, थेट इन्स्टिट्यूटच्या खात्यात गेले, तेही सगळे एकदम, पहिल्या लेक्चरच्या आधी. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार रक्कम कर्जदाराच्या खात्यातच जायला हवी, पण ठराविक कामासाठीचं कर्ज असेल तर ती अंतिम लाभार्थ्याकडे थेट देता येते. फीचं कर्ज त्या अपवादात बसतं. यातून दोन वेगवेगळे करार तयार होतात. एक भावाचा आणि इन्स्टिट्यूटचा, शिकवण्याचा. दुसरा माझा आणि फायनान्स कंपनीचा, परतफेडीचा. पहिला मोडला म्हणून दुसरा आपोआप मोडत नाही. सँक्शन लेटरच्या अटींमध्ये हे एका ओळीत असतं: सेवेच्या दर्जाबद्दलचा किंवा ती बंद पडण्याबद्दलचा वाद इन्स्टिट्यूटशी, हप्ते मात्र चालू. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा १९७० च्या दशकातला एक नियम आहे. विक्रेत्याच्या मार्फत जमवलेल्या कर्जात विक्रेत्याविरुद्धची तक्रार कर्ज देणाऱ्यापुढेही मांडता येते, आणि तसं करारातच छापावं लागतं. माझ्या करारात त्याच्या नेमकं उलटं छापलेलं होतं.

याचा पहिला फटका मी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिला. भावाच्या बॅचमधली एक मुलगी दुसऱ्याच महिन्यात बाहेर पडली, तिला दुसरीकडे नोकरी लागली. तिने प्रवेश रद्द करण्याचा मेल केला. इन्स्टिट्यूटने 'युअर अ‍ॅडमिशन इज कॅन्सल्ड, रिफंड ४५ वर्किंग डेजमध्ये' असं उत्तर दिलं. तिने बँकेत जाऊन मँडेट बंद केलं. तिला वाटलं विषय संपला. पण फायनान्स कंपनीच्या दृष्टीने काहीच रद्द झालं नव्हतं. कर्ज तेव्हाच बंद होतं जेव्हा इन्स्टिट्यूट पैसे फायनान्स कंपनीला परत करते आणि कंपनी तसं पत्र देते. इन्स्टिट्यूटच्या मेलची तिथे किंमत शून्य. तिचा हप्ता बाऊन्स झाला, कंपनीचा बाऊन्स चार्ज लागला, पुढच्या महिन्यात पीनल चार्जही, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये 'डेज पास्ट ड्यू'चे आकडे दिसू लागले. कर्जदार तिचे वडील होते. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं, आणि ती खूण खातं मिटवल्यावरही बराच काळ राहते.

तिच्या बाबतीत आणखी एक गाठ बसली. परतावा मंजूर झाला तो निम्म्या फीचा. पण इन्स्टिट्यूटच्या हातात मुळात आले होते व्याज वजा करून मिळालेले पैसे, त्यामुळे टक्केवारी कोणत्या रकमेची धरायची यावर वाद सुरू झाला. तोवर महिना उलटत होता आणि तिच्या वडिलांचा फोन दिवसातून दोनदा वाजत होता.

कूलिंग-ऑफ नावाची एक सोय आहे. कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या थोड्या काळात दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं, फक्त मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज द्यायचं. कालावधी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये लिहिलेला असतो आणि तो अगदी एका दिवसाचाही असू शकतो. पण मुद्दल तुम्हाला द्यायचं आहे, आणि ते तर इन्स्टिट्यूटच्या खात्यात पडलेलं! म्हणजे एक लाख स्वतःच्या खिशातून फायनान्स कंपनीला भरायचे आणि मग इन्स्टिट्यूटच्या मागे लागायचं. ज्यांच्याकडे एक लाख हाताशी असते ते हे कर्ज घेतीलच कशाला? कागदावर हक्क, व्यवहारात तो क्वचितच वापरता येतो.

आमच्या बाबतीत सहाव्या महिन्यात इन्स्टिट्यूट बंद पडली. एकदम नाही. आधी 'ट्रेनर आजारी आहे' म्हणून लाईव्ह सेशन रद्द, मग जुन्या बॅचची रेकॉर्डिंग, मग ग्रुपवरचे अ‍ॅडमिन गायब. पोर्टलला लॉगिन होत होतं, पण नवं काही येत नव्हतं. प्लेसमेंट टीमचा नंबर बंद. तोवर पाच हप्ते गेले होते, सात बाकी, म्हणजे ६३,०००. त्याच दिवशी कर्ज मिटवायचं म्हटलं असतं तर साधारण ६०,२०० भरावे लागले असते. कोर्स दहा महिन्यांचा, पाच महिने शिकवलेला. न शिकवलेल्या भागाची फी ६०,०००. म्हणजे जेवढं शिकवलं नाही, जवळजवळ तेवढंच माझं कर्ज उरलं होतं.

मी हप्ते थांबवले नाहीत. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी थांबवले, आणि वसुलीवाले फोन करताना बंद पडलेल्या क्लासचं नावही ऐकून घेत नाहीत हे त्यांना लगेच कळलं. मी दर हप्त्यासोबत फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला: हा हप्ता मी हक्क राखून, आक्षेपासह भरत आहे, सेवा अमुक तारखेपासून बंद आहे. सोबत फीची पावती, बॅच शेड्यूल, शेवटच्या सेशनची तारीख दिसणारा पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि कर्जाचं स्टेटमेंट. पोर्टल कधीही बंद होईल म्हणून स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवले. नंतर खरंच लॉगिन गेलं, आणि ज्यांनी काढले नव्हते त्यांच्याकडे दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप चॅटशिवाय काही उरलं नाही.

फायनान्स कंपनीचं पहिलं उत्तर छापील होतं: संस्थेशी संपर्क साधा. मी दुसऱ्या मेलमध्ये फक्त दोन प्रश्न ठेवले. इन्स्टिट्यूट तुमची लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर आहे की नाही? आणि पैसे देण्याआधी तिची काय तपासणी केली होती? हे विचारण्याचं कारण असं की कर्ज जमवून देणारा हा नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्याचा एजंट असतो आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. अर्ज भरताना काउन्सेलर म्हणाली होती, "हा फक्त हप्त्यांचा फॉर्म आहे, लोन नाही." कर्जाबद्दल असं खोटं सांगणं ही क्लासबद्दलची नाही, कर्ज विकण्याबद्दलची तक्रार होते, आणि ती इन्स्टिट्यूटवर ढकलता येत नाही. या मेलनंतर भाषा बदलली. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, ती मी केली. निकाल काय लागला? कर्ज रद्द झालं नाही. पण एक हप्ता खात्यात पैसे असतानाही बाऊन्स दाखवला होता, त्याचा चार्ज परत आला आणि क्रेडिट रिपोर्ट दुरुस्त झाला. न शिकवलेल्या फीचा निवाडा लोकपाल करणार नाही, हेही तिथेच स्पष्ट झालं.

त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकिलांच्या सल्ल्याने इन्स्टिट्यूट आणि फायनान्स कंपनी दोघांना विरुद्ध पक्ष केलं, आणि वसुली थांबवण्याच्या अंतरिम आदेशाचा अर्जही जोडला. इन्स्टिट्यूटची नोटीस 'पत्ता सोडून गेले' म्हणून परत आली. इन्स्टिट्यूट दिवाळखोरीत गेली असेल तर तिथे वेगळा दावा लावावा लागतो, आणि तारण असलेल्या बँकांच्या मागे विद्यार्थ्यांच्या हाती फारसं काही उरत नाही, असं वकिलांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणूनच आमची मुख्य भिस्त दुसऱ्या पक्षावर आहे.

हे कर्ज पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी फक्त एका गोष्टीवर अडून बसेन: रक्कम टप्प्याटप्प्याने द्या, मॉड्यूल पूर्ण झाल्यावर पुढचा टप्पा. काही फायनान्स कंपन्या असं करतात. काउन्सेलर 'आमच्याकडे तशी पॉलिसी नाही' म्हणाली की कोर्सचा ब्रोशर परत करायचा. टप्पे मिळत नसतील तर प्रवेश रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यात परत जातील हे इन्स्टिट्यूटच्या लेटरहेडवर लिहून घ्या, आणि त्याची प्रत फायनान्स कंपनीला मेल करून ठेवा.

दोन तारे. एक झटपट मंजुरीसाठी, दुसरा कागदावर एपीआर खरा लिहिला होता म्हणून. बारावा हप्ता गेल्या महिन्यात कापला गेला. नो ड्यूज सर्टिफिकेट मागितल्यावर मिळालं, आपणहून आलं नाही. आयोगात पुढची तारीख पडली आहे.