ग्रेनच्या नावाखाली 11,499 रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, अकरा वर्षं. त्यामुळे 'तुला कळलं कसं नाही?' हे आता कुणी विचारू नका, घरात रोज ऐकतोय.

नव्या कॅमेऱ्याचं फुटेज इतकं स्वच्छ येतं की एलईडीच्या उजेडात नवरीचा चेहरा प्लास्टिकचा वाटतो. म्हणून जुन्या फिल्मसारखे बारीक ठिपके, म्हणजे हलका ग्रेन टाकायचा आणि कडा जराशा काळवंडून घ्यायच्या, म्हणजे व्हिन्येट. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ग्रेन मिळत नाही. तेवढ्यात 'खऱ्या 35 एमएम फिल्मवरून स्कॅन केलेला ग्रेन, 24 क्लिप, 4के' अशी जाहिरात दिसली. मी 4,999 रुपये यूपीआयने पाठवले. दुसऱ्या दिवशी 'कामासाठी वापरायचं तर लायसन्स वेगळं' म्हणून आणखी 6,500 मागितले, तेही दिले. गिऱ्हाइकाचं काम बिनलायसन्स करायचं नव्हतं, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. डाउनलोड दोन मिनिटांत संपलं. दहा सेकंदांची 4के क्लिप, फाइल 11 एमबीची! खऱ्या स्कॅनची तेवढीच क्लिप प्रोरेस 422 एचक्यू या कमी दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये 900 एमबीच्या आसपास भरते. ग्रेन म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवे ठिपके. कॉम्प्रेशनला त्यात काही पकडायला सापडत नाही, म्हणून फाइल फुगते. ती लहान असेल तर ग्रेन मेलेलाच असतो, नुसते चौकोन वळवळतात. हे मला माहीत होतं. आकडा डोळ्यांसमोर होता. पण शनिवारी डिलिव्हरी होती आणि मी पुढे गेलो. त्या दोन मिनिटांचाच राग अजून जात नाही.

क्लिप लग्नाच्या व्हिडिओवर ओव्हरले या ब्लेंड मोडमध्ये, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळायच्या पद्धतीने टाकली. ओव्हरलेला मधला करडा रंग चित्र बदलत नाही, फक्त त्याहून उजळ-गडद ठिपके उमटतात. यांचा करडा मुळातच गडद होता, त्यामुळे सगळं लग्न मळकट झालं. मी एक्स्पोजर वाढवून सारवलं. नवरीच्या भावाने 65 इंची टीव्हीवर लावलं आणि फोन केला, ''दादा, मुंडावळ्यांवर दर सेकंदाला एक पांढरा ठिपका येतोय.'' खरंच येत होता. एक सेकंदाचा तुकडा दहा वेळा जोडून क्लिप केली होती. त्यांनी बिलातले 15,000 कापले. म्हणजे एकूण 26,499.

पैसे देण्याआधी नमुना मूळ फाइलमध्येच मागा, व्हॉट्सॲपवरचा नको. तो टाइमलाइनवर ठेवा, त्यावर त्याचीच प्रत एक सेकंद, म्हणजे 25 फ्रेम, सरकवून ठेवा आणि ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा, म्हणजे दोन्ही थरांतला फरक तेवढा दिसतो. खरा ग्रेन असेल तर ठिपके राहतात. पडदा ठार काळा झाला, तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलाय. माझा काळा झाला, पण पैसे गेल्यावर.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा, ''माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.'' ठिपका दाखवायला लॅपटॉप नेला, तर हवालदार म्हणाले, ''आम्हाला काही दिसत नाही.'' बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. अरे, पिन मी टाकला म्हणून समोरचा खोटं बोलला नाही का? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार पहिल्या तासात करा. मी लाजेखातर नऊ दिवस थांबलो, तोवर विकणाऱ्याचं खातंही गायब.

आता जे फुकटात करतो ते देतो. एफएफएमपेग हे कमांड टाइप करून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर लागतं:

```
ffmpeg -i lagna.mov -vf "format=yuv420p,vignette=PI/8,noise=c0s=7:c0f=t" -c:v libx264 -tune grain -crf 17 -c:a aac final.mp4
```

c0 म्हणजे फक्त उजेडाचा भाग, त्यामुळे रंगीत कचरा येत नाही. t मुळे ठिपके फ्रेमगणिक बदलतात. तो काढलात तर पडद्यावर धूळ बसल्यासारखं दिसेल. व्हिन्येटचा मूळ कोन PI/5 असतो, तो लग्नाला फार होतो, स्टेजच्या कडेचे आजी-आजोबा अंधारात जातात. हा फिल्मचा ग्रेन नव्हे, जरा बोचराच असतो, म्हणून c0s, म्हणजे ग्रेनचा जोर, मी 7 च्या वर नेत नाही. रंगांचं काम संपल्यावर, अगदी शेवटी टाका. आधी व्हिन्येट, मग ग्रेन. काळवंडलेल्या कडांवर उमटणारे पट्टे ग्रेनमुळेच मोडतात. आणि गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हच द्या, व्हॉट्सॲपवर ग्रेन टिकत नाही.

त्या लग्नाची फाइल मी पुन्हा करून दिली, एक पैसा न घेता. कापलेले 15,000 मागायला मात्र तोंड होत नाही.