मेंटेनन्स 800 रुपयांचे 1,800 कसे झाले

माझा भाचा आणि सूनबाई लग्नानंतर अमळनेरहून जळगावला राहायला आले, तेव्हा एजंटने त्यांना फ्लॅटचे भाडे 8,000 आणि मेंटेनन्स 800 रुपये असे तोंडी सांगितले. अकरा महिन्यांच्या कराराचा मसुदा मोबाइलवर आला, दोघांनी भाडे, डिपॉझिट आणि तारखा तपासल्या, आणि त्याच संध्याकाळी घरीच अंगठे घेऊन नोंदणी झाली. मेंटेनन्सच्या कलमात आकडाच नव्हता. ‘संस्थेकडून वेळोवेळी होणारी वाढ पूर्वलक्षी प्रभावाने परवानाधारकाने सोसावी’ एवढेच तिथे लिहिलेले होते, म्हणजे सोसायटीने केलेली वाढ मागच्या तारखेपासून भाडेकरूनेच भरायची.

ते जूनमध्ये राहायला आले आणि ऑक्टोबरमध्ये घरमालकाने दरमहा 1,000 रुपयांप्रमाणे पाच महिन्यांचे 5,000 रुपये मागितले. भाच्याने संस्थेच्या सचिवांकडून बिल मिळवले, तेव्हा या वाढीचे तीन भाग समजले. सेवाशुल्क 800 वरून 1,000 झाले होते, 100 रुपये बिनभोगवटा शुल्क होते आणि तब्बल 700 रुपये इमारतीच्या रंगकामाच्या निधीचे होते. बिनभोगवटा शुल्क संस्था सदस्याकडून, म्हणजे मालकाकडून घेते. फ्लॅट भाड्याने दिल्यावरच ते लागते आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. आधी कुलूपबंद असलेल्या या फ्लॅटमध्ये भाडेकरू येताच ते सुरू होणार, हे मालकाला ठाऊक असणारच. रंगकाम तर मालकाच्या मालमत्तेची किंमत टिकवणारा खर्च आहे. तो अकरा महिन्यांसाठी आलेल्या माणसावर टाकणे मला सरळ अन्याय वाटतो.

मला सर्वांत जास्त चीड आली ती तारखेची. वाढीचा ठराव मार्चच्या सभेत, म्हणजे करारापूर्वीच झाला होता, आणि हजेरीपटावर मालकाची सही होती. तरीही नोंदवलेल्या करारातील स्पष्ट कलमापुढे एजंटच्या तोंडी शब्दाला वजन नव्हते, डिपॉझिटही मालकाच्याच हातात होते. ‘मामा, आता काय करू?’ असे भाच्याने विचारले, तेव्हा हजेरीपटाची प्रत घेऊन आम्ही मालकाला भेटलो. त्याने पुढच्या महिन्यांपासून रंगकामाचा निधी स्वतः भरण्याचे मान्य केले, पण मागचे 5,000 रुपये डिपॉझिटमधून कापलेच.

अंगठा देण्याआधी संस्थेचे शेवटचे बिल मागावे आणि सचिवांना एकच प्रश्न विचारावा: वाढीचा किंवा मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला आहे का? मालक बिल दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तिथेच थांबलेले बरे. दुसऱ्या घराच्या करारात या दोघांनी पुढील मजकूर घालून घेतला: ‘देखभाल खर्च दरमहा रु. 900. करार काळातील सेवाशुल्काची वाढ लेखी सूचनेनंतरच्या महिन्यापासून लागू. मागील थकबाकी, बिनभोगवटा शुल्क, रंगकाम, मोठी दुरुस्ती व सिंकिंग फंड मालकाकडे.’ नव्या मालकिणीने तो वाचून लगेच होकार दिला.