थ्रीडीत सपाट दिसलेला रस्ता आणि सात फुटांवर गेलेली भिंत

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराला कंपाउंड घालायचं होतं. आर्किटेक्टचं मंजूर ड्रॉइंग हातात होतं. पुढची बाजू ७२ फूट, त्यात १२ फुटांचं दोन पाखी गेट आणि उरलेली ६० फूट भिंत. भिंत जांभ्या चिऱ्याची, बाहेरून फक्त पॉइंटिंग, उंची रस्त्यापासून ५ फूट. गेटपासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता दोन फूट उतरतो, म्हणून ड्रॉइंगमध्ये दर १५ फुटांवर भिंत चिऱ्याच्या एका थराने खाली उतरवली होती. अशा तीन पायऱ्या होत्या.

कॉन्ट्रॅक्टरने ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवर काढून नेला आणि चार दिवसांनी थ्रीडी पाठवलं. "काका, थ्रीडीचे पैसे नकोत, तुम्ही फक्त बघा," म्हणाला. चित्र खरंच देखणं होतं. लाल जांभा, काळं गेट, सरळ रेषेत धावणारी भिंत. त्यात पायऱ्या नव्हत्या, कारण रस्ताच सपाट काढला होता. माझ्या ते लक्षातच आलं नाही. कोटेशनवर "काम थ्रीडीप्रमाणे, दर ४५० रुपये चौरस फूट" असं होतं, त्यावर मी सही केली. ड्रॉइंगचा त्यात उल्लेख नव्हता, आणि आर्किटेक्टला ते चित्र मी दाखवलंही नाही. खरा घात इथेच झाला.

आम्ही मुंबईत असल्यामुळे काम फोटोंवरच बघत होतो. महिन्याभराने गेलो तेव्हा गेटपाशी भिंत ५ फूट होती आणि खालच्या टोकाला ७. माथा चित्रासारखा एका लेव्हलमध्ये नेला होता. बिलात "जादा उंची ६० चौरस फूट, २७,००० रुपये" अशी वेगळी ओळ होती. ६० फूट लांबीत शून्यापासून दोन फुटांपर्यंत वाढत गेलेली उंची, म्हणजे बरोबर ६० चौरस फूट. हिशोब चोख होता, पण ती उंची मागितली कोणी होती?

पैशांपेक्षा मोठी अडचण परवानगीची निघाली. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंड वॉलची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंत धरली आहे. वरचा ०.९ मीटर भाग ग्रिलसारखा मोकळा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. आमची भरीव भिंत खालच्या टोकाला २.१ मीटरच्या वर गेली होती.

तिथेच एका कोपऱ्याचा टवका उडालेला दिसला. आत राखाडी सिमेंट ब्लॉक आणि त्यावर बोटाच्या पेराएवढीही जाडी नसलेली जांभ्या रंगाची टाइल. विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काका, थ्रीडीत जांभा फिनिशच आहे." कोटेशनच्या दुसऱ्या पानावर खरंच "जांभा फिनिश" लिहिलं होतं. "जांभा चिरा बांधकाम" असं कुठेच नव्हतं.

नंतर आर्किटेक्टने तेच चित्र छापून माझ्यासमोर मोजलं. चित्र समोरून काढलेलं होतं, त्यामुळे पट्टी लावता आली. गेटचा खांब ड्रॉइंगमध्ये ६ फूट, छापील चित्रात ३६ मिलिमीटर, म्हणजे एक फुटाला ६ मिलिमीटर. भिंत दोन्ही टोकांना ३० मिलिमीटर भरली. उतार असलेल्या जागेवर माथा सरळ रेषेत आणि दोन्ही टोकांना उंची सारखी, हे होऊच शकत नाही. एक तर भिंतीला पायऱ्या दिसायला हव्यात, नाही तर खालचं टोक उंच. गेटची रुंदी १२ फुटांना ७२ मिलिमीटर हवी होती, ती ९० भरली. म्हणजे चित्रातलं गेट १५ फुटांचं.

मग त्यांनी थर मोजायला सांगितले. आमच्याकडे येणारा चिरा सांध्यासकट साधारण साडेसात इंचांचा थर देतो, तेव्हा ५ फुटांत आठ थर. चित्रात तेरा होते, म्हणजे एक थर साडेचार इंचांपेक्षा थोडा जास्त. तो चिरा नव्हताच, टाइलचं तयार टेक्श्चर भिंतीवर चिकटवलं होतं. चित्र समोरून काढलेलं नसेल, तिरकं असेल, तर लांबची मापं अशी काढता येत नाहीत. पण खांब आणि त्याला लागून असलेली भिंत यांची तुलना तेव्हाही होते, आणि थर तर कधीही मोजता येतात.

बरीच भांडाभांडी झाल्यावर जादा उंचीचे २७,००० त्याने सोडले. वरचा भाग पायऱ्यांत कापून घ्यायचा खर्च मात्र माझ्या खिशातून गेला, आणि टाइल तशीच आहे. आता मागच्या बाजूच्या कुंपणाचं काम काढलंय. त्याच्या कोटेशनवर मंजूर ड्रॉइंगचा नंबर लिहून घेतलाय आणि खाली एक ओळ: "थ्रीडी व ड्रॉइंग यांत फरक आढळल्यास ड्रॉइंगमधील उंची व साहित्य ग्राह्य." नव्या थ्रीडीत रस्त्याचा उतार आणि प्रत्येक पायरीपाशी उंचीचा आकडा टाकून मागितलाय. तो आल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.