‘काही लागलं तर सांग’ की ‘शनिवारी दहाला येतो’?

मित्राची नोकरी गेल्याचं कळलं की मेसेज काय करायचा, यावर आपण पाच मिनिटं अडतो. मग साधारण दोनपैकी एक जातो. मी दोन्ही प्रकारचे पाठवलेत आणि २०२० च्या जूनमध्ये माझी नोकरी गेली तेव्हा दोन्ही मला आलेही होते. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

पहिला सगळ्यांना पाठ असतो:

‘अरे, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं रे. तुझ्यासारख्याला काय, लगेच मिळेल. काही लागलं तर हक्काने सांग.’

यात खोटं काही नाही. पाठवणाऱ्याला खरंच वाईट वाटलेलं असतं. फारशी ओळख नसेल तर हाच बरा, कारण अर्ध्या ओळखीच्या माणसाने थेट घरी येतो म्हणणं जरा जास्तच होतं.

पण मला आलेले असले मेसेज वीसच्या वर होते आणि प्रत्येकाला ‘हो रे, नक्की, थँक्स’ असं उत्तर द्यावं लागलं. पहिल्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी मी फोन उलटा ठेवायला लागलो. काय लागेल हे मलाच कळत नव्हतं. ते शोधायचं मी, कोणाला मागावं हे ठरवायचं मी, आणि मागताना तोंड वेंगाडायचंही मीच. शिवाय समोरच्याला ‘मी ठीक आहे’ असा धीर द्यायचा तो वेगळाच. ‘हक्काने सांग’ म्हणणाऱ्यांपैकी एकालाही मी काही सांगितलं नाही. माझं मत तिथेच ठरलं.

दुसऱ्या प्रकारचा मेसेज मला एकच आला होता. गेल्या वर्षी हिंजवडीतल्या एका मित्रावर तीच वेळ आली, तेव्हा त्याच धर्तीवर मी लिहिला:

‘कळलं. शनिवारी सकाळी दहाला येतो, सीव्ही उघडून ठेव, दोघं बसून बघू. आमच्याकडे तुझ्या कामाच्या दोन जागा आहेत, लिंक खाली टाकतोय. पण तू आधी अर्ज करू नकोस, मला जॉब आयडी कळव, मी रेफर करतो. ऑफिसचा मेडिक्लेम नक्की कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे ते एचआरला मेलवर विचारून घे, काकूंचं नाव त्यात आहे ना? माझ्याकडे पन्नास हजार दिवाळीपर्यंत मोकळे आहेत, हवे असले तर फक्त “हो” लिही. उत्तराची घाई नाही.’

‘आधी अर्ज करू नकोस’ हे मुद्दाम लिहिलं. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराने स्वतः अर्ज केला की त्याचं नाव सिस्टिममध्ये बसतं आणि नंतरचा रेफरल धरत नाहीत. घाबरलेला माणूस पहिल्या रात्रीच दिसेल तिथे अर्ज करत सुटतो, म्हणून हे लवकर सांगावं लागतं. मेडिक्लेमचंही तसंच. ऑफिसचं कव्हर बहुधा नोकरीबरोबरच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती वेळेत मागावी लागते. घरात बीपी-शुगरचं माणूस असेल तर नव्याने पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागण्याची शक्यता असते.

पैशांचा आकडा लिहावा का, यावर मतभेद असू शकतात. मला विचाराल तर लिहावा, आणि कधीपर्यंत मोकळे आहेत तेही. ‘पैशाची काळजी करू नको’ यातून कीव डोकावते. आकडा आणि मुदत दिली की तो मित्रामित्रांतला साधा व्यवहार राहतो. माझ्या मित्राने ‘हो’ लिहिलं नाही, पण ते वाचून त्याला राग आला नव्हता हे मला माहीत आहे.

या मेसेजची खोट एवढीच की लिहिलेलं करावं लागतं. तेव्हाच एका जुन्या सहकाऱ्याशी गाठ घालून देतो असंही मी बोलून बसलो होतो आणि आठ दिवस विसरलो. मित्र काही बोलला नाही, पण ते आठ दिवस तो त्या फोनची वाट बघत होता. पहिला मेसेज पाठवला असता तर निदान हे पाप तरी लागलं नसतं. म्हणून आता मी करता येतील अशाच दोन-तीन गोष्टी लिहितो, आणि ‘लगेच मिळेल’ तर अजिबात लिहीत नाही. मला पाच महिने लागले होते.

तर जवळचा मित्र असेल तर शक्यतो दुसरा. माझ्या मेसेजला त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं होतं: ‘जॉब आयडी मेल केलाय. शनिवारी अकराला ये, दहाला प्लंबर येतोय.’