कमी पगारावर स्विच: फोनवर हो म्हणायचं की आधी मेल लिहायचा?

फील्ड बदलताना पगार कमी घ्यायचा हे एकदा ठरलं की उरतो तो प्रश्न हा. मी अकाउंट्समधून डेटा अॅनालिसिसकडे आलो तेव्हा दोन ठिकाणी बोलणी चालू होती, एकीकडे सगळं फोनवर आणि दुसरीकडे मेलवर, त्यामुळे दोन्हींचा अनुभव आहे.

फोनचा फायदा नाकारत नाही. पटकन होतं, आवाजावरून अंदाज येतो, रिक्रूटरही मोकळेपणाने बोलतो. मला सांगितलं होतं की सहा महिन्यांनी पगार रिव्ह्यू करू. मग ऑफर लेटर यायच्या आधीच तो रिक्रूटर नोकरी सोडून गेला. नवीन मॅडमकडे माझ्या नावापुढे एवढंच होतं की कॅंडिडेट या आकड्याला तयार आहे. मॅनेजरलाही तेवढंच कळलेलं. म्हणजे माझा होकार पुढे पोचला आणि अट मागेच राहिली, आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून पटवत बसायचा मला फार वैताग आला.

आता त्या रिव्ह्यूचं एवढं काय, तर समजा जुना पगार १०० होता आणि नवा ७० आहे. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तरी १०० पार करायला चार वाढी लागतात. सहा महिन्यांनी ७० चे ८० झाले तर पुढच्या तीन वाढींत १०६ च्या वर जाता. शिवाय बऱ्याच ठिकाणी अप्रेझलला कट-ऑफ तारीख असते, त्यानंतर जॉइन झालेल्याला त्या वर्षी वाढच नाही, हे आधी विचारून घ्या.

दुसरीकडे मी तोंडी ऑफर आल्यावर पण सही करायच्या आधी लिहिलं, साधारण असं:

"अकाउंट्समध्ये असताना रिपोर्टिंगचं काम मीच करायचो, आता तेच पूर्णवेळ करायचंय, म्हणून हा पगार विचार करून स्वीकारतोय. दोन विनंत्या आहेत. जॉइनिंगपासून सहा महिन्यांनी, आधी ठरवलेल्या कामांवर पगाराचा रिव्ह्यू व्हावा. आणि ही रक्कम पूर्ण फिक्स्ड असावी, त्यात व्हेरिएबल नको. हे ऑफर लेटरमध्ये येऊ शकेल का?"

कमी पगार का घेतोय ते लिहायचंच, कारण रिक्रूटरला धास्ती असते की जास्त पैसे मिळाले की हा जाईल, आणि असा मेल तो मॅनेजरला जसाच्या तसा फॉरवर्ड करू शकतो. घरचा खर्च, कर्ज वगैरे त्यात नको. अटी दोनच बऱ्या, चार-पाच झाल्या की सगळ्यांवरच घासाघीस सुरू होते असं मला वाटतं.

प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. जिथे ग्रेडप्रमाणे पगार ठरलेला असतो तिथे आकडा हलत नाही, तिथे निदान वरची ग्रेड मागून बघा. आणि फोनवरच बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी पाठवा, मॅनेजरला सीसीमध्ये ठेवता आलं तर अजून बरं.