जुनी गाडी घेताना: नुसतं एबीएस पुरे, की ईएससीही हवं?

एप्रिल 2019 पासून नव्या कारमध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत ते असणारच. ईएससी, म्हणजे वळणावर घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, मात्र बऱ्याच छोट्या गाड्यांच्या फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळायचं. म्हणजे जुन्या बाजारात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर असतील, तर प्रश्न उरतो तो ईएससीसाठी जास्त पैसे मोजायचे का, एवढाच.

आधी एबीएस. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली आहे आणि ब्रेक दाबल्यावर एक चाक 68 च्या वेगाने फिरतंय, तर ते चाक 15 टक्के घसरतंय. कोरड्या डांबरावर साधारण 10 ते 20 टक्के घसरणीला पकड सर्वांत चांगली असते. त्यापुढे पकड कमी होते, आणि चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

अडचण अशी, की गाडीचा खरा वेग सांगणारा वेगळा सेन्सर इथे नसतो. चारही चाकं एकदम घसरत असतील तर विश्वास कोणावर ठेवायचा? एबीएसचा संगणक साधारणपणे सर्वांत वेगाने फिरणारं चाक प्रमाण मानतो आणि भौतिकशास्त्राचा आधार घेतो. साध्या टायरवर कार कितीही जोरात ब्रेक मारला तरी सेकंदाला ताशी 35 किलोमीटरच्या आसपासच मंदावू शकते. एखादं चाक दशांश सेकंदात 80 वरून 40 वर आलं, तर गाडी तेवढी मंदावलेली असूच शकत नाही; चाक जाम होऊ लागलंय. मग त्या चाकाकडे जाणारं ब्रेक ऑइल व्हॉल्व्हने अडवायचं, दाब थोडा सोडायचा, चाकाने वेग घेतला की पुन्हा वाढवायचा. सेकंदात हे अनेकदा होतं. पायाखाली जाणवणारी धडधड तीच, तेव्हा घाबरून पाय काढू नका.

पण गाडी कुठल्या दिशेला चालली आहे, हे एबीएसला ठाऊक नसतं. ईएससीला ते कळतं.

आंबोली घाटात पावसात डावीकडचं वळण घ्या. वळणाची त्रिज्या 50 मीटर, वेग ताशी 54 किलोमीटर. या वळणावर राहायचं तर गाडीने स्वतःभोवती सेकंदाला साधारण 17 अंश फिरायला हवं. ड्रायव्हरला किती वळायचंय, हे ईएससी स्टिअरिंगच्या कोनावरून आणि वेगावरून काढतं. गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय, हे तिच्यातला फिरण्याचा सेन्सर सांगतो. तो 25 अंश म्हणाला, तर मागची बाजू बाहेर सुटली. मग ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नसला तरी पंप दाब तयार करतो आणि पुढचं उजवं चाक ब्रेक होतं. त्या ओढीने गाडीचं तोंड उजवीकडे, परत सरळ येतं. तो 11 अंश म्हणाला, तर गाडी वळणाबाहेर सरळ जातेय. तेव्हा मुख्यतः मागचं डावं चाक धरलं जातं आणि इंजिनाची ताकदही कमी केली जाते. नुसतं एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक न दाबता मागची बाजू सुटली, तर यातलं काहीच घडत नाही.

दोन्ही यंत्रणा सेन्सर आणि व्हॉल्व्ह वाटून घेतात. ईएससीने पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लावायला सांगितलं, तरी ओल्या रस्त्यावर ते जाम होऊ नये याची काळजी एबीएसचं घसरण-नियंत्रणच घेतं. उलट, वळणावर ड्रायव्हरने घाबरून जोरात ब्रेक मारला, तर कोणत्या चाकाला किती घसरू द्यायचं हे ईएससी बदलतं: थांबण्याचं अंतर किंचित वाढलं तरी चालेल, पण गाडी गरगरू नये.

मात्र पकड दोघांनाही निर्माण करता येत नाही. त्याच वळणावर कोणी ताशी 80 ने घुसला, तर लागणारी पकड दुपटीहून जास्त होते. ओल्या रस्त्यावर ती नसतेच. गुळगुळीत टायर असतील तर ईएससीवरचे पैसे आधी टायरवर घाला. सुट्या खडीवर एबीएसने थांबायचं अंतर वाढूही शकतं.

माझं मत: गाडी शहरातल्या शहरातच फिरणार असेल, तर ईएससीसाठी फार ताणू नका. घाट, पाऊस, महामार्ग नेहमीचे असतील तर ईएससी असलेलीच घ्या, भले मॉडेल वर्षभर जुनं असो. नंतर बसवून घेऊ म्हणाल तर ते व्यवहारात होत नाही, कारण पंप, सेन्सर आणि सॉफ्टवेअर त्या गाडीसाठीच जुळवलेलं असतं.

बघायला गेलात की इग्निशन चालू करून दोन्हींचे दिवे लागून विझतात का ते पाहा. मुळीच लागत नसतील, तर कोणी बल्ब काढला असल्याचा संशय घ्या. दोन्ही पेटून राहिले तर अनेकदा चाकाजवळच्या सेन्सरची भानगड असते, कारण त्याच्याविना दोघंही आंधळे. फक्त ईएससीचा राहिला, तर स्टिअरिंगच्या कोनाचा किंवा फिरण्याचा सेन्सर तपासून घ्या. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा शून्य पुन्हा सेट न केल्यानेही तो लागतो. चालत्या गाडीत तो दिवा लुकलुकला तर मात्र बिघाड नाही, यंत्रणा त्या क्षणी काम करतेय.